बायोडेटात आजार लिहावा काय?

सदाशिव पेठेत सकाळच्या वेळी फिरावे, तर झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानांपुढे तरुण मुलामुलींची गर्दी दिसते. त्यांतले कितीतरी जण नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या बाजूने स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी आलेले असतात. कॉट बेसिसवर राहायचे, मेसमध्ये जेवायचे, अभ्यासिकेत बसायचे, आणि घरून येणारा पैसा पुरेना झाला की एखादी लहानमोठी नोकरी धरायची, असा त्यांचा क्रम असतो.

नोकरी म्हटली की बायोडेटा आला. अनेक दुकानांत त्याचा तयार साचा असतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, शिक्षण, आणि त्याखाली उंची, वजन, रक्तगट व ‘आरोग्य : उत्तम’. हा शेवटचा भाग लग्नाच्या बायोडेटात शोभणारा आहे. नोकरीच्या कागदात तो सवयीने शिरला आणि तसाच राहिला. धडधाकट माणसाला त्याचे काही वाटत नाही. पण ज्याच्या अंगात जन्मापासून सिकलसेल आहे, त्याची बोटे या एका ओळीपाशी अडतात. ‘उत्तम’ लिहावे तर खोटे होते, आजाराचे नाव लिहावे तर दार बंद होईल अशी भीती वाटते, आणि ओळ मोकळी सोडावी तर संशय येतो.

आमचे उत्तर सरळ आहे. ती ओळच साच्यातून काढून टाकावी. बायोडेटात ती असावी असा कोणताही नियम नाही. मात्र आजार कुठेच सांगू नये, असा याचा अर्थ नाही. कोणत्या कागदावर सांगायचा, कोणत्या वेळी, आणि कोणत्या शब्दांत, हे ठरवून घ्यावे लागते. हेच आज आम्ही सिकलसेलच्या उदाहरणावरून मांडणार आहोत.

आधी आपला रिपोर्ट नीट वाचा

सिकलसेलचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले आहे. विदर्भातील आपल्या बौद्ध कुटुंबांत आणि आदिवासी बांधवांत हा आजार बराच आढळतो. तो वरून दिसत नाही, आणि तरीही २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी केली, तीत त्याचा समावेश आहे. म्हणजे तो आयुष्यभराचा आजारही आहे आणि कायद्याने दिव्यांगत्वही आहे.

या आजारात रक्तातील तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडांत, पाठीत, छातीत असह्य वेदना उठतात. थंडी, पाणी कमी पिणे, ताप आणि अतिश्रम ही वेदना उठण्याची नेहमीची कारणे आहेत. नियमित औषध घेणाऱ्या रुग्णांत असे झटके पुष्कळ कमी होतात आणि ते बसून करायची कामे व्यवस्थित करतात.

पण एक घोटाळा घरोघरी होतो. शाळेत किंवा शिबिरात जी पहिली, सोल्युबिलिटी चाचणी होते, ती फक्त रक्तात सिकलचा अंश आहे एवढेच सांगते. माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे तीवरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची चाचणी लागते. तिच्या रिपोर्टात ‘एएस’ आले तर तो वाहक, आणि ‘एसएस’ आले तर रुग्ण. वाहकाला रोजच्या जीवनात सहसा कसलाही त्रास नसतो. लग्न ठरवताना आणि मूल होऊ देताना त्याने ही गोष्ट लक्षात घ्यावी, पण बहुतेक नोकऱ्यांशी तिचा काही संबंध नाही. तरीही पहिल्या चाचणीच्या कागदावर ‘पॉझिटिव्ह’ वाचून काही मुले अर्जात स्वतःला सिकलसेलचे रुग्ण म्हणवतात. म्हणून रिपोर्ट काढून पाहावा. ‘एएस’ असेल तर पुढचा प्रश्न आपल्यापुरता संपला.

कागद चार, नियम वेगवेगळे

ज्याचा रिपोर्ट ‘एसएस’ आहे, त्याच्यापुढे नोकरी मिळेपर्यंत साधारण चार प्रकारचे कागद येतात. बायोडेटा, सरकारी भरतीचा अर्ज, निवडीनंतरच्या वैद्यकीय तपासणीचा नमुना, आणि रुजू झाल्यावर सवलतीसाठी द्यायचे पत्र. हे चारही एकच समजले की गोंधळ होतो.

आपल्या लोकांना ही गोष्ट जातीच्या दाखल्यावरून चटकन समजेल. दाखला आपण जपून ठेवतो, आणि जिथे त्याने हक्क मिळतो तिथे मान वर करून जोडतो. पण खासगी दुकानात हिशेबनिसाची जागा मागताना कोणी बायोडेटाला जातीचा दाखला टाचत नाही. अपंगत्वाच्या दाखल्याचेही असेच आहे. जिथे तो दाखवल्याने हक्क किंवा सोय मिळते तिथे तो दाखवावा, आणि जिथे त्याचा उपयोग फक्त दुसऱ्याला आपल्याविषयी ग्रह करून घेण्यास होईल, तिथे तो खिशात ठेवावा.

सरकारी अर्जात दिव्यांगत्वाचा रकाना असतो. तो भरताना सिकलसेलच्या रुग्णांची मोठी फसगत होते. सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा राखीव आहेत आणि त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. सिकलसेलच्या रुग्णाला असा दाखला मिळू शकतो. पण कायद्याच्या यादीतील सगळीच दिव्यांगत्वे या ४ टक्क्यांत घेतलेली नाहीत. दृष्टीचे, श्रवणाचे, हालचालीचे, मानसिक व बौद्धिक प्रकारचे आणि यांपैकी एकाहून अधिक असलेले दिव्यांगत्व त्यांत आहे. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार त्यांत नाहीत. उच्च शिक्षणाच्या सरकारी व अनुदानित संस्थांत ज्या ५ टक्के जागा आहेत, तिथे मात्र हा दाखला चालतो. म्हणजे ज्या दाखल्यावर एखाद्या मुलीला महाविद्यालयात प्रवेश मिळाला, त्याच दाखल्यावर तिला नोकरीत राखीव जागा मिळेलच असे नाही. जाहिरातीत कोणते प्रकार दिले आहेत ते वाचल्याशिवाय रकान्यात खूण केली, तर कागदपत्रांच्या तपासणीत अर्ज अडकतो.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. सिकलसेलच्या रुग्णांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडून सांधा झिजण्याचे प्रमाण बरेच असते. चालताना लंगडणे, मांडी घालता न येणे ही त्याची चिन्हे. असे असेल तर हालचालीच्या अपंगत्वाची तपासणी अस्थिरोगतज्ज्ञांकडून स्वतंत्रपणे मागून घ्यावी. ते अपंगत्व ४० टक्के भरले, तर राखीव जागेचा मार्ग त्या बाजूने उघडू शकतो.

एक बायोडेटा तपासून पाहू

आता खासगी नोकरीकडे येऊ. समजा, भंडारा जिल्ह्यातला चोवीस वर्षांचा एक मुलगा सदाशिव पेठेत राहतो. बी.कॉम. झाला आहे, टॅली येते, मराठी आणि इंग्रजी टायपिंगच्या परीक्षा पास आहे. त्याचा रिपोर्ट ‘एसएस’ आहे. रोज गोळी चालू आहे, दर तीन महिन्यांनी रक्त तपासावे लागते, आणि गेल्या वर्षी दोनदा त्याला दवाखान्यात भरती व्हावे लागले. दुसऱ्या वर्षाला असताना आजारामुळे त्याचे एक वर्ष वाया गेले. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका पुस्तक वितरकाकडे हिशेबनिसाची जागा निघाली आहे आणि त्याला अर्ज करायचा आहे.

त्याने दुकानात जो बायोडेटा करून घेतला, त्यात खाली लिहिले होते : ‘मला सिकलसेल हा आजार आहे, तरी कृपया सहानुभूतीने विचार व्हावा.’ या वाक्याने दोन नुकसाने होतात. सिकलसेल म्हणजे काय हे वाचणाऱ्याला माहीत नसते, त्यामुळे तो संसर्गाचा आजार असावा असे तो समजू शकतो. आणि समोर मुलगा नसल्याने त्याला विचारून खात्री करून घेण्याची सोयही नसते. पंचवीस बायोडेटांचा गठ्ठा चाळताना तो हा कागद बाजूला ठेवील आणि का ठेवला हे कोणाला कळणारही नाही. म्हणून हे वाक्य काढावे. ‘आरोग्य : उत्तम’ हेही काढावे, कारण पुढे एखादा झटका आला की मालक तोच कागद समोर धरील. उंची, वजन व रक्तगट यांचीही गरज नाही. त्या जागी टॅलीत कोणती कामे येतात, जीएसटीची बिले केली आहेत काय, हे लिहावे.

अडचण राहते ती वाया गेलेल्या वर्षाची. तीन वर्षांच्या पदवीला चार वर्षे का लागली, हे हिशेबाच्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही. येथे खोटी नोकरी दाखवू नये, कारण एका फोनवर ती उघडी पडते. आम्ही सुचवू ती ओळ अशी : ‘दुसऱ्या वर्षी प्रकृतीच्या कारणाने एक वर्ष खंड. त्यानंतर पदवी सलग पूर्ण.’ यात खोटे काही नाही आणि आजाराचे नावही नाही. खंड संपला आणि काम पुरे झाले, हे वाचणाऱ्याला कळते.

मुलाखतीत ‘तब्येत कशी असते?’ असे विचारलेच, तर गप्प बसू नये आणि खोटेही बोलू नये. कामापुरते उत्तर द्यावे : ‘मला रक्ताचा एक जन्मजात आजार आहे. तो कोणाला लागत नाही. औषध चालू आहे. टेबलावरचे काम मी पूर्ण वेळ करू शकतो. तीन महिन्यांतून एक दिवस तपासणीला जावे लागते.’ एवढी पाच वाक्ये आरशासमोर उभे राहून पाठ करावीत. ऐनवेळी शब्द सुचले नाहीत की माणूस एक तर सगळा इतिहास सांगत बसतो, नाहीतर काहीच नाही म्हणतो.

नेमणुकीचे पत्र हाती आले, म्हणजे चौथ्या कागदाची वेळ येते. रुजू होताना किंवा पहिल्या आठवड्यात मालकाला अथवा व्यवस्थापकाला लेखी सांगावे. पत्रात आजाराची माहिती दोन ओळींत द्यावी आणि काय हवे ते नेमके मागावे. पाणी प्यायला व लघवीला मध्येच उठण्याची मुभा, थंडीत पहाटे गोदामात माल उतरवण्याच्या कामातून सूट, तपासणीच्या दिवशी रजा, आणि झटका आला तर कोणाला फोन करायचा ते नाव. सोबत डॉक्टरांचा ‘कामास सक्षम’ असा दाखला जोडावा, पत्राची पोच घ्यावी आणि झेरॉक्स जवळ ठेवावी. हे पत्र न दिल्यास काय होते? पहिल्या झटक्याला मुलगा चार दिवस गायब होतो, मालकाला वाटते तो कामचुकार आहे, आणि नोकरी आजाराने नाही तर गैरसमजाने जाते.

जिथे दहा किंवा अधिक माणसे कामाला आहेत आणि पगार मर्यादेत आहे, तिथे कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. २०१७ पासून ही मर्यादा महिना २१,००० रुपये, आणि दिव्यांग कामगारासाठी २५,००० रुपये ठरवलेली आहे. या योजनेत जुना आजार आहे म्हणून कोणाला नाकारत नाहीत. औषधोपचार सुरुवातीपासून मिळतो. काही महिने वर्गणी भरली गेल्यावर, आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कमही मिळते. आमच्या या मुलाला वर्षातून दोनदा भरती व्हावे लागते. त्याच्यासाठी हजार रुपये जास्त पगारापेक्षा हा विमा मोलाचा आहे. म्हणून नोकरी निवडताना त्याने हे आधी विचारावे.

बायोडेटातच लिहावे असे प्रसंग

याला अपवाद आहेत. ज्याला ऐकू येत नाही, त्याने फोन नंबरापुढेच ‘कृपया फोनऐवजी संदेश पाठवावा’ असे लिहावे. नाहीतर मुलाखतीचे बोलावणे फोनवर येऊन फुकट जाते. जो कुबडी किंवा चाकाची खुर्ची वापरतो, त्याने बायोडेटात लिहिले नाही तरी चालेल, पण मुलाखतीचे बोलावणे आले की लगेच विचारावे की कार्यालय कितव्या मजल्यावर आहे. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांत अरुंद लाकडी जिने आहेत आणि लिफ्ट नाही. ‘मुलाखत तळमजल्यावर घेता येईल काय?’ हे आदल्या दिवशी विचारले तर व्यवस्था होते. जिन्याखाली पोहोचल्यावर विचारले तर दोन्ही बाजूंची अडचण होते. आणि जी कंपनी जाहिरातीतच दिव्यांग उमेदवार मागते, तिथे दाखल्याचा उल्लेख पहिल्या पानावर ठळक करावा. तिथे तो हक्काचा आहे.

जिथे आपल्या आजाराने दुसऱ्याच्या जिवाला धोका पोहोचू शकतो, तिथे मात्र लपवण्याला जागाच नाही. वाहन परवान्यासाठी जो नमुना १ भरतात, त्यात फिट येतात काय, एकदम शुद्ध हरपते काय, असे सरळ विचारलेले असते. तिथे खोटी सही करणारा ड्रायव्हर आपल्याबरोबर प्रवाशांनाही धोक्यात घालतो. निवडीनंतरच्या वैद्यकीय तपासणीच्या नमुन्याचेही तसेच आहे. तिथे पूर्वीचे आजार विचारतात आणि खाली खरेपणाची सही घेतात. माहिती दडवल्याचे पुढे उघड झाले, तर आजार राहतो बाजूला आणि खोट्या सहीपायी नोकरी जाते.

कायदा कुठपर्यंत साथ देतो

आजाराचे नाव कळले म्हणून काम नाकारता येते काय, या प्रश्नाचे मोठे उत्तर आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली दिले. एका सार्वजनिक महामंडळात एक मजूर हंगामी काम करीत होता. कायम होण्यापूर्वीच्या तपासणीत त्याला एचआयव्ही असल्याचे आढळले. बाकी तो कामाला तंदुरुस्त होता. तरी त्याचे नाव यादीतून काढले गेले. न्यायालयाने त्याला नाव न उघड करता दाद मागू दिली. निकालाच्या कागदावर तो केवळ ‘एमएक्स’ आणि महामंडळ ‘झेडवाय’ आहे. न्यायालयाने सांगितले की जो माणूस नेमून दिलेले काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून कामाच्या जागी इतरांना धोका नाही, त्याला केवळ त्या आजारामुळे काम नाकारता येणार नाही. पुढे २०१७ चा एचआयव्ही कायदा आला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी देण्यासाठी ही चाचणी करायला लावणे त्याने बंद केले, सरकारीच नव्हे तर खासगी ठिकाणीही. म्हणून एचआयव्हीचा उल्लेख बायोडेटात कधीही करू नये.

इतर दिव्यांगत्वांबाबत २०१६ चा अधिनियम सरकारी आस्थापनांना भेदभाव करण्यास स्पष्ट मनाई करतो आणि सोयी पुरवण्यास सांगतो. खासगी ठिकाणी तो इतका जोरकस नाही. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी संस्थेने समान संधीचे धोरण जाहीर करावे, दिव्यांगांसाठी कोणती कामे व सोयी आहेत ते त्यात सांगावे, असा नियम आहे. अर्ज करण्यापूर्वी हे धोरण मागून वाचावे. ते मुळीच नसेल, तर आपले पत्र तिथे कसे वाचले जाईल याचा अंदाज येतो. पाच माणसांच्या दुकानात यातले काहीच नसते. तिथे आपले काम, डॉक्टरांचा दाखला आणि वेळेवर दिलेले पत्र, एवढाच आधार असतो. म्हणूनच आम्ही सांगण्याची वेळ नेमणुकीनंतरची धरली आहे.

मुलाखत चांगली होऊन नेमणूक ठरली, आणि आजार सांगताच ‘जागा भरली’ असे उत्तर आले, तर ते लेखी मागावे. सरकारी कार्यालय असेल तर तिथल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा. तिथे दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जावे. त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे. अर्जासोबत जाहिरात, नेमणुकीचा कागद, आपले पत्र, त्याची पोच आणि आलेले उत्तर जोडावे. तोंडी संभाषण सिद्ध करता येत नाही. पोच घेतलेली झेरॉक्स अशा वेळी कामाला येते.

तेव्हा ज्यांच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी या रविवारी तिघे मिळून बसावे. रिपोर्ट काढून ‘एएस’ की ‘एसएस’ ते पाहावे. जुन्या बायोडेटातील आरोग्याची ओळ खोडावी. पाच वाक्यांचे उत्तर वहीत लिहावे आणि आईने किंवा बापाने मालक होऊन तो प्रश्न एकदा विचारावा.